बत्तीस पावलांचं गोदाम

बसा, बसा. उभं राहून नमस्कार केलात तेवढा पुरे. तुमच्या बाईंनी मला सांगितलंय, मूल्यशिक्षणाचा तास आहे, हावरट व्यापाऱ्याची गोष्ट सांगा, आणि शेवटी तात्पर्य सांगा. गोष्ट मी सांगतो. तात्पर्याचं बाई बघतील, त्यांना त्याचा पगार मिळतो.

आधी एक सांगतो. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. तो व्यापारी माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. मी त्यांना भाऊजी म्हणायचो, बाजार त्यांना शेठ म्हणायचा, आणि त्यांच्या पाठीमागे लोक काय म्हणायचे ते वर्गात सांगण्यासारखं नाही. मी त्यांच्या साखरेच्या गोदामाचा राखणदार. गोदामाची किल्ली माझ्या कमरेला, म्हणून मला सगळे किल्लीच म्हणतात. माझं खरं नाव मुख्याध्यापकांना विचारलंत तरी त्यांना आठवणार नाही.

आता गोदाम म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक लांबलचक खोली. पुढे एक दार, बाकी तिन्ही बाजूंना भिंती, खिडकी नाही, वर छपराजवळ चार झरोके. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बत्तीस पावलं. माझी पावलं, मी बारा वर्षं रोज मोजली आहेत.

साखर ठेवायची म्हणजे खेळ नाही बरं. पोतं जमिनीवर ठेवलं की ओल खातं, म्हणून खाली लाकडी फळ्या. भिंतीला टेकवलं तर भिंतीची ओल खातं, म्हणून भिंतीपासून दोन हात जागा मोकळी. ओली झालेली साखर वाळली की पोत्याचा दगड होतो, मग तो हातोडीने फोडायचा आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. पोती रचताना एक थर उभा, एक थर आडवा, म्हणजे थप्पी ढासळत नाही. दहा थरांवर जायचं नाही. मधोमध माणूस जाईल एवढी गल्ली सोडायची, म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर काढता येतो.

आणि सगळ्यात मोठा नियम. रचायला सुरुवात मागच्या भिंतीकडून करायची आणि रचत रचत दाराकडे यायचं. तोंड मालाकडे, पाठ दाराकडे. गोदाम भरलं की तुम्ही आपोआप बाहेर. हे हमालाला पहिल्या दिवशी शिकवतात. शेठ लोकांना कोणी शिकवत नाही, कारण शेठ लोक पोती उचलत नाहीत. लक्षात ठेवा हे.

तर आमचे भाऊजी. माणूस वाईट नव्हता. कोणाला फसवायचे नाहीत, मापात मारायचे नाहीत, घरी ताईवर कधी आवाज चढवला नाही. फक्त त्यांना पुरायचं नाही. सुरुवातीला शंभर पोती होती तेव्हा म्हणायचे, तीनशे झाली की सुखाने झोपेन. तीनशे झाली. दोन रात्री झोपले. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानदाराकडे चारशे आहेत असं कळलं आणि त्यांचा घास घशाखाली उतरेना. चारशे झाली, पाचशे झाली. त्यांचा आनंद प्रत्येक वेळी दोन दिवस टिकायचा. मी मुद्दाम पाळत ठेवून पाहिलंय, अडीच दिवस कधी झाला नाही.

विकण्याचंही तसंच. माल घेतानाच म्हणायचे, अमुक भाव आला की डोळे मिटून काढून टाकायचा. तो भाव यायचा. मग म्हणायचे, अरे, एवढा चढला म्हणजे अजून चढणार, आठवडाभर थांबू. आठवड्याने आणखी चढायचा, की आणखी आठवडा. मग एके दिवशी भाव जरा खाली यायचा. जरासाच. घेतला त्यापेक्षा तेव्हाही वरच असायचा. पण भाऊजी कपाळावर हात मारून घ्यायचे. परवा याच्यापेक्षा जास्त मिळत होते, आता तोट्यात कसा विकू? मी म्हणायचो, भाऊजी, तोटा कुठेय, नफा थोडा कमी आहे. तर माझ्याकडे असं बघायचे, जसं मीच त्यांच्या खिशात हात घातला.

या सगळ्यात हाल कोणाचे? माझ्या ताईचे. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेली, गाडीने दीड दिवस. तिला मुलगी झाली. ताई म्हणाली, नातीला बघून येऊ. भाऊजी म्हणाले, हा माल निघाला की जाऊ. नात पालथी पडायला लागली. हा माल निघाला की. नात चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. तिचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा ताईने कोणाला न विचारता शुक्रवारच्या चारच्या गाडीची दोन तिकिटं काढून आणली आणि ती आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवली. मला म्हणाली, या वेळी हा माणूस आला नाही ना, तर मी एकटी जाईन आणि परत येईन की नाही ते मला माहीत नाही. माझी ताई धमक्या देणारी बाई नाही. ती भाजी चिरत होती आणि भाजीकडे बघूनच बोलत होती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी तेव्हा मनाशी ठरवलं, काहीही करून भाऊजींना त्या गाडीत बसवायचं.

त्याच आठवड्यात सोमवारी एका व्यापाऱ्याने धंदा बंद केला आणि त्याची चाळीस पोती स्वस्तात निघाली. आमचं गोदाम तेव्हा सहाशे पोत्यांनी गच्च. मी आणि आमच्या हमालांचा मुकादम, दोघांनी हात जोडले. शेठ, सुई ठेवायला जागा नाही. भाऊजी गल्लीतून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आले, तोंडावर हसू. म्हणाले, मागे भिंतीजवळ चाळीस पोत्यांची जागा आहे.

मी म्हटलं, ती दोन हात मोकळी जागा तर सोडायचीच असते. ते म्हणाले, ती सोडून.

मुकादमाने चाळीस पोती आत नेली. बरोब्बर चाळीस बसली. एक जास्त नाही, एक कमी नाही. मुकादम बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, किल्ली, आत गार वारा सुटलाय. मी म्हटलं, झरोक्यातून येत असेल. तो म्हणाला, झरोके वर आहेत, वारा समोरून येतोय.

मंगळवारी साठ पोती आली. तीसुद्धा बसली. बरोब्बर साठ. मी मग कंदील घेऊन गल्लीतून पावलं मोजत गेलो. तीस, एकतीस, बत्तीस... आणि भिंत नाही. तेहतीस, चौतीस... साखरेच्या पोत्यांचा एक वास असतो, ताग आणि गोड असा मिसळलेला. तो पुढे पुढे कमी होत गेला आणि नवीनच वास आला. बंद पेटी बऱ्याच वर्षांनी उघडल्यावर येतो तसा. एकेचाळीस पावलांवर भिंत लागली. हात लावून बघितला, भिंतच होती. जमिनीवर मुंग्यांची रांग होती, साखर म्हटली की मुंग्या आल्याच. पण मुंग्या येतात आणि जातात की नाही? ही रांग नुसतीच आत जात होती. परत येणारी एकही मुंगी मला दिसली नाही.

मी पळालो नाही. चालत बाहेर आलो, फक्त जरा भरभर.

आमच्या मागच्या भिंतीला लागून न्हाव्याचं दुकान आहे. गोदाम नऊ पावलं मागे सरकलं असेल तर त्याच्या दुकानाचं पार भुसकट व्हायला हवं. मी तडक तिकडे गेलो. न्हावी निवांत बसला होता. आरसा जागेवर, खुर्ची जागेवर. मी खुर्चीवर बसलो आणि दाढी करायला सांगितली, सकाळीच केली होती तरी. मग हळूच विचारलं, या भिंतीतून काही आवाज वगैरे येतो का? तो म्हणाला, काल दुपारपासून कोणीतरी मोजतंय. मी विचारलं, काय मोजतंय? तो म्हणाला, ते नीट कळत नाही, पण आकडा संपत नाही. आणि माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून तो भिंतीकडे बघत राहिला. अशा वेळी माणसाने हलायचं नसतं, मी हललो नाही.

मी भाऊजींना सगळं सांगितलं. मला वाटलं, घाबरतील. माल काढून मोकळे होतील आणि शुक्रवारच्या गाडीत बसतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नऊ पावलं म्हणजे किती पोती रे?

बुधवारी त्यांनी शंभर मागवली. मुकादमाने पहिल्या खेपेनंतर खांद्यावरचं फडकं झटकलं आणि म्हणाला, शेठ, तुमच्या भिंतीला हात लावला की ती दचकते. माझ्या घरी लहान मुलं आहेत. त्याची माणसं त्याच्यामागोमाग निघून गेली. पण पोती तर दारात उतरली होती. मग भाऊजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पुढे पोट, गुडघे कुरकुरणारे. आयुष्यात पहिल्यांदा पोतं पाठीवर घेतलं. मी मदत केली नाही असं नाही. मी गल्लीच्या निम्म्यापर्यंत पोती ओढत न्यायचो, पुढे ते न्यायचे. निम्म्याच्या पुढे जायला माझे पाय तयार नव्हते आणि मी पायांचं ऐकतो.

गुरुवारी दुपारी भाऊजी गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि गल्लीकडेच बघायला लागले. मला ती नजर ठाऊक होती. म्हणाले, ही गल्ली उगीच रिकामी आहे. हिच्यात किती बसतील? मी म्हटलं, भाऊजी, गल्ली रिकामीच असते, गल्ली म्हणतात तिला. मग आपण आत कुठून जायचं? ते म्हणाले, माल विकायचा नाही तोवर आत जायचंय कशाला?

आता नियम आठवा. मागून सुरुवात, तोंड मालाकडे, पाठ दाराकडे. भाऊजींनी गल्लीच्या मागच्या टोकाला पोत्यांची एक आडवी रांग लावली. लावून झाली, तर रांगेच्या पलीकडे जागा. आता ती कशी सोडवेल? ते वरून चढून पलीकडे उतरले आणि म्हणाले, किल्ली, वरून दे. मी दिलं. पायांनी कुरकुर केली, पण भाऊजींना एकटं सोडवेना. त्यांनी पलीकडे रांग लावली. त्याच्या पलीकडे पुन्हा जागा. अलीकडची जागाही वाया का घालवायची, म्हणून मला म्हणाले, तुझ्या बाजूने तू लाव. मीही बैलासारखा लावत गेलो. माझी पाठ दाराकडे होती. त्यांचीही पाठ त्यांना मोकळ्या जागेकडेच वाटत होती, फक्त तिकडे दार नव्हतं.

शेवटचं पोतं चढवून मी हात झटकले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधे दहा थरांची भिंत, छपरापासून जेमतेम वीतभर खाली. आणि भाऊजी तिकडे.

मी हाक मारली. आतून आवाज आला, खुशीत होते. म्हणाले, इथे मैदान आहे रे.

मी वरच्या थरावर चढलो. वीतभर फटीतून कंदील आत धरला. भाऊजींचं टक्कल दिसलं, त्यांच्यामागे नुसता अंधार. मी म्हटलं, वरची ही दोन पोती इकडे ढकला, वाट होते, बाहेर या. ते म्हणाले, ढकलली तर फुटतील. मी म्हटलं, मी धरतो. ते म्हणाले, आणि इथे त्यांच्या जागी काय ठेवू? तिथे मी हात टेकले.

रात्री ताईने डबा पाठवला. डबा मी फटीतून सारला. थोड्या वेळाने रिकामा डबा परत आला. मी तो घरी नेला. ताईने उघडला आणि दिव्याखाली धरला. डबा घासूनपुसून लख्ख होता. ताई म्हणाली, तीस वर्षांत या माणसाने एकदाही डबा धुवून दिलेला नाही. किल्ली, आत दुसरं कोण आहे?

हसा, हसा. तेव्हा मलाही हसू आलं होतं, आणि हसताना माझे दात वाजत होते.

शुक्रवारी मुकादमाच्या पायावर डोकं ठेवून मी त्याला आणलं. दोघांनी दारापासून सगळी दिसतील ती पोती बाहेर ओढायला सुरुवात केली. एक रांग काढली की मागे दुसरी. ती काढली की तिसरी. मी लावल्या होत्या त्या रांगा केव्हाच संपल्या. मी ओरडून विचारलं, भाऊजी, तुम्ही तिकडून पुन्हा लावताय काय? ते म्हणाले, मग? तुम्ही जागा मोकळी करताय, ती वाया घालवू? मी विचारलं, पण पोती आणताय कुठून? ते म्हणाले, मागून देतात की.

मुकादमाने माझ्याकडे बघितलं, फडकं उचललं आणि जो गेला तो दुसऱ्या बाजारातच जाऊन राहिला.

तीन वाजता ताई आली. हातात एक पिशवी, पदर खोचलेला. नातीसाठी घेतलेल्या बाहुलीचे पाय पिशवीतून बाहेर आले होते. ती थप्पीसमोर उभी राहिली. मी फळ्यांची शिडी लावून दिली, पण ती चढली नाही. खालूनच बोलली.

"गाडी चारची आहे."

"अगं, आत्ता? माल असा उघड्यावर टाकून कसा येऊ?"

"टाकू नका. तसाच राहू दे. तुम्ही फक्त वरून या. दोन पोती बाजूला करायची आहेत."

आत पावलं जवळ आली. मला वाटलं, येतात. खरंच वाटलं. पोतं सरकल्याचा खर्र आवाज आला. ताईने पदर तोंडाला लावला.

"एवढी एक रांग लावतो," भाऊजी म्हणाले, "आणि निघतोच... फार नाही... एवढी एकच..."

माझं डोकं सणकलं. मी शिडीवर चढलो आणि वरच्या पोत्याचे दोन्ही कान धरून, पोत्याच्या वरच्या दोन टोकांना कान म्हणतात बरं का, पूर्ण ताकदीने ओढलं. पोतं हललं. पलीकडून भाऊजींनी मिठी मारल्यासारखं धरलं. मला त्यांचे दोन्ही हात दिसत होते, दहाच्या दहा बोटं, अंगठीसकट. म्हातारा माणूस, किती ओढेल? मी जोर लावला. मी रोज पोती ओढणारा माणूस आहे, चार माणसांना ऐकत नाही. पण पोतं पलीकडे सरकायला लागलं. मी कंदील जवळ घेतला. भाऊजी ओढतच नव्हते. ते नुसते धरून लटकले होते, पाय जमिनीला लागत नव्हते. पोत्यासकट त्यांना कोणीतरी मागे नेत होतं.

मी म्हटलं, भाऊजी, सोडा. सोडा ते पोतं आणि माझा हात धरा. माझा हात त्यांच्या नाकापासून वीतभर होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाबरले होते हो. डोळ्यांत पाणी होतं. त्यांना सगळं कळत होतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. हात धरायचा तर पोतं सोडायला हवं होतं, एवढंच. बोटं सुटली नाहीत.

मग फट अंधारली आणि तिथे दुसरं पोतं येऊन बसलं.

मी खाली उतरलो आणि रडलो. एवढा मोठा माणूस ढसाढसा रडलो. ताई रडली नाही. तिने पिशवीतलं एक तिकीट काढून थप्पीच्या फळीवर ठेवलं, वर एक खडा ठेवला, उडू नये म्हणून. साडेतीन वाजले होते. मला म्हणाली, त्यांना काढ. मी निरोप पाठवीन. आणि गेली. तिची गाडी वेळेवर सुटली, मी शिट्टी ऐकली.

मग मी एकटाच पोती काढत राहिलो. पहाटे सुरू करायचो, अंधार पडला की थांबायचो. दर पोत्यागणिक हाक मारायचो. आतून उत्तर यायचं, रोज थोडं लांबून. काढलेली पोती ठेवणार कुठे? बाहेर पाऊस आला तर साखरेचं पाणी होईल. म्हणून विकायला लागलो. साखर उत्तम होती, शुभ्र, कोरडी, दाणा मोठा. आणि खरेदी शून्य. ओढायची आणि विकायची, ओढायची आणि विकायची. गिऱ्हाइकं लांबून यायला लागली. समोरच्या दुकानदाराने दुकान बंद केलं, ते मी घेतलं. दोन दिवस फार बरं वाटलं.

हे मी इतर कुठे सांगत नाही, पण मूल्यशिक्षणाचा तास आहे म्हणून सांगतो. ते दुकान घेतल्याच्या आठव्या दिवशी संध्याकाळी गोदामाच्या दाराला कुलूप लावताना माझ्या लक्षात आलं, आज दिवसभरात मी भाऊजींना एकही हाक मारली नाही. किल्ली तशीच हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. परत आत जाऊन हाक मारावी असं वाटत होतं. पण उद्याची गिऱ्हाइकं ठरलेली होती आणि पाठ मोडून आली होती. म्हटलं, उद्या मारू.

ताईचा फोन येतो. नात तिच्याशिवाय जेवत नाही म्हणे. आवाजात हसू असतं तिच्या, लहानपणी असायचं तसं. पण दर वेळी विचारते, किल्ली, ते निघाले का? मी म्हणतो, आता थोडीच राहिलीत गं. परवा म्हणाली, बरं, ते जाऊ दे, तू तरी ये. चार दिवस ये, पोरीला मामाआजोबा बघायचेत. मी म्हटलं, येतो ना. हा माल निघाला की येतो.

 मग तिने फोन ठेवला. तेव्हापासून तिने केलेला नाही, आणि मी तिला करायचं म्हणतोय, पण वेळच होत नाही.

झाली गोष्ट. बाई, तुम्ही फळ्यावर 'समाधान' लिहिलंत ते छान लिहिलंत, अक्षर सुरेख आहे तुमचं. आणि मुख्याध्यापकांचे आभार, त्यांनी तुमच्या या वर्गामागची अडगळीची खोली मला दिली. सकाळीच थोडा माल उतरवलाय तिथे. फार नाही. गोदामातून काढलेला माल ठेवायला आता त्या दुकानातही जागा उरली नाही म्हणून. चाळीस पोती, बरोब्बर बसली.

ए, शेवटच्या बाकावरच्या. हो, तूच. जरा बाजूला सरक. मी आलो तेव्हा तुझा बाक मागच्या भिंतीला टेकलेला होता, तू भिंतीला डोकं लावून बसला होतास, मी बघितलं. आता तुझ्यामागे एक माणूस उभा राहील एवढी जागा दिसतेय. तू बाक पुढे ओढलास काय? नाही? बाई, तुम्हीही बघा. ही जागा अशी रिकामी ठेवणं काही बरोबर नाही. माझ्या अंदाजाने इथे सहज दहा पोती बसतील.

बारा?

बारा कोण म्हणालं? हात वर करा. कोणी काही म्हणणार नाही, हात वर करा. त्या मागच्या मुलाकडे बघू नका, त्याचं तोंड बंद होतं, मी त्याच्याकडेच बघत होतो. तो तर रडायलाच लागलाय. आवाज त्याच्यामागून आला. आणि आकडा बरोबर आहे हो, आडवी घातली तर बाराच बसतील. इतकं नेमकं मोजणारा माणूस आमच्या अख्ख्या बाजारात एकच होता.